वायफायला नाव एक ठेवावं की दोन?

माझी ताई डोंबिवलीला राहते. गेल्या पावसाळ्यात तिने सांगितलेली तक्रार पहिल्यांदा मलाही कळली नव्हती. "अरे, लाइट जाऊन आली ना, की नेट मंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप नीट होतं," ती म्हणाली. नेट बंद पडत नव्हतं. लॅपटॉपवर वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसायचं, पण व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठून जायचा. तिच्या घरी 150 मेगाबिटचं फायबर कनेक्शन आहे आणि राउटर लॅपटॉपपासून दहा फुटांवर आहे.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. पहिल्या वेळी त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला, तो पुरा 150 आला आणि तो निघून गेला. दुसऱ्या वेळी त्याने राउटरमध्ये वायफायची दोन नावं करून दिली, `Ghar` आणि `Ghar_5G`, आणि सांगितलं, "मॅडम, आता 5G वालं लावा, फास्ट चालेल." लॅपटॉपचं दुखणं थांबलं खरं. पण आठवडाभरात नवं गाऱ्हाणं आलं. फोनवर बोलत बोलत ताई मागच्या बेडरूममध्ये गेली की व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल तुटायचा. एका रविवारी मी तिच्याकडे गेलो आणि फोन हातात धरून घरभर फिरलो. त्या दिवशी जे दिसलं ते बहुतेक घरांत असंच असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी त्या `5G` बद्दल. वायफायच्या नावातल्या या 5G चा मोबाइलच्या 5G शी काही संबंध नाही. मोबाइलमध्ये 5G म्हणजे पाचवी पिढी. वायफायच्या नावात ते 5 गिगाहर्ट्झचं लघुरूप आहे, म्हणजे रेडिओलहरी कोणत्या पट्ट्यात चालतात त्याचा आकडा. आजच्या साध्या राउटरमध्ये दोन स्वतंत्र रेडिओ असतात, एक 2.4 गिगाहर्ट्झचा आणि दुसरा 5 गिगाहर्ट्झचा. एकाच दुकानाला दोन रस्त्यांवर दोन दारं असावीत तसं हे आहे. कुठल्याही दारातून शिरलं तरी आत दुकान एकच, म्हणजे घरातलं जाळं एकच आणि बाहेरचं इंटरनेटही तेच. वायफायची नावं दोन ठेवली म्हणून घरात दोन इंटरनेट होत नाहीत. म्हणूनच प्रिंटर `Ghar` वर आणि फोन `Ghar_5G` वर असला तरी छपाई होते. ती होणार नाही असं पुष्कळजण समजतात, ते खरं नाही.

दोन्ही पट्ट्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. 2.4 च्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते, 5 ची त्याच्या निम्म्याहून कमी. सारख्याच अंतरावर, सारख्याच ताकदीने सोडलेला 5 चा सिग्नल फोनला 2.4 च्या जवळपास पाचव्या हिश्श्याइतकाच मिळतो. मध्ये विटांची भिंत, काँक्रीटचा खांब किंवा लोखंडी कपाट आलं की तो आणखी खचतो. 2.4 लांब पोचतो, पण त्याची जागा अरुंद आहे. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच बसतात, 1, 6 आणि 11. ताईच्या हॉलमध्ये उभं राहून मी यादी उघडली तर शेजारपाजारची तेवीस नावं दिसली आणि त्यांतली बहुतेक या तीन चॅनेलांवर दाटीने बसलेली होती. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतो आणि मायक्रोवेव्हची भट्टीही तिथेच गोंगाट करते. 5 च्या पट्ट्यात जागा कितीतरी मोकळी आहे आणि शेजाऱ्याचा सिग्नल भिंत ओलांडून फारसा आत येत नाही. भिंतीत अडकणं हा 5 चा दोष खरा, पण इमारतीत राहणाऱ्याला त्याच दोषाचा फायदा होतो.

वायफायचं भरलेलं चिन्ह फक्त आवाज किती मोठा येतो ते दाखवतं. त्या खोलीत एकाच वेळी किती माणसं बोलत आहेत, हे ते दाखवत नाही. ताईच्या लॅपटॉपवर चिन्ह पूर्ण भरलेलं असून कॉल का गोठत होता, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. दहा फुटांवरून तो 2.4 वर जोडला गेला होता, आवाज खणखणीत होता आणि खोली गच्च भरलेली होती. वेग मोजला तर 25 मेगाबिटच्या आसपास आला, तोही वरखाली होणारा.

मग 5 चा रेडिओ दहा फुटांवर असताना लॅपटॉप 2.4 वर का गेला? आणि लाइट जाऊन आल्यावरच का?

कोणत्या पट्ट्यावर जायचं हे आपलं उपकरण ठरवतं, राउटर नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, जो तो आपापलं ठरवतो, हे लक्षात आलं की बाकीचा गुंता सुटत जातो. राउटरचा प्रत्येक रेडिओ सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारत असतो. फोन एकेका चॅनेलवर जाऊन ती पुकार ऐकतो, कधी स्वतःच "इथे कोणी आहे का?" असं विचारतो आणि मिळालेल्या उत्तरांची यादी करतो. दोन्ही रेडिओंचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच असेल तर फोनच्या लेखी ते एकच जाळं असतं, दोन दारांचं. नाव एक असलं तरी प्रत्येक रेडिओला स्वतःचा वेगळा बारा आकडी-अक्षरी पत्ता असतो, बहुधा एखाद्याच अक्षराचा फरक असलेला. त्यावरून फोन दारं ओळखतो आणि त्यांना गुण देतो. गुण देण्याची रीत ज्या त्या कंपनीची असते. अँड्रॉइड 5 ला काही जादा गुण देतो. अ‍ॅपलने आपल्या मॅक संगणकांबद्दल लिहून ठेवलं होतं की 5 चा सिग्नल उणे 68 किंवा त्याहून चांगला असेल तर मॅक 2.4 सोडून 5 धरतो.

हे उणे आकडे घाबरण्यासारखे नाहीत. सिग्नलची ताकद डेसिबलच्या मापात उणे आकड्याने लिहितात आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे 40 म्हणजे राउटर समोरच आहे. उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. उणे 80 च्या पुढे धड काही चालत नाही. आकडा 3 ने घसरला की ताकद निम्मी होते, 10 ने घसरला की दहावा हिस्सा उरतो.

जोडलं जाण्याच्या क्षणी उपकरण अशी निवड करतं, आणि ही निवड बहुतेक वेळा बरोबर असते. अडचण त्यानंतर येते. एकदा जोडलं गेलं की सिग्नल चांगला आहे तोवर उपकरण पुन्हा शोधायला निघत नाही. शोधण्यासाठी त्याला आपलं चॅनेल क्षणभर सोडून बाकीची चॅनेलं ऐकावी लागतात. त्यात चालू काम अडखळतं आणि बॅटरी खर्ची पडते. म्हणून ते एक उंबरठा ठरवून ठेवतं. अ‍ॅपलने आयफोनचा उंबरठा उणे 70 असा जाहीर केलेला आहे. सिग्नल त्याखाली गेला तरच आयफोन दुसरं दार शोधतो, आणि नवं दार निदान 8 डेसिबलने सरस असेल तरच तिकडे जातो. फोन नुसता पडून असेल, काही पाठवत-घेत नसेल, तर 12 डेसिबलने. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

आता ताईकडची लाइट. वीज आली की राउटर आणि इंटरनेटची पेटी दोन्ही चालू होतात. 2.4 चा रेडिओ पटकन उठून नाव पुकारायला लागतो. 5 च्या पट्ट्यातली मधली चॅनेलं, 52 पासून 144 पर्यंतची, रडारही वापरतात. त्यांवर बसलेल्या राउटरला तोंड उघडण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, की आसपास रडार चालू तर नाही ना. ताईच्या राउटरने आपल्या मनाने चॅनेल 52 निवडलं होतं. वीज आली की त्या मिनिटभरात घरात 2.4 चं एकच दार उघडं असायचं. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असायचा आणि वाय-फायची वाट बघत असायचा. दिसलेल्या एकुलत्या एका दारातून तो आत शिरायचा. मिनिटाने 5 चं दार उघडायचं, पण आता लॅपटॉपला 2.4 चा सिग्नल उणे 40 मिळत होता. उंबरठा कुठल्या कुठे खाली राहिलेला, मग तो कशाला शोधायला जातो? संध्याकाळभर तो तिथेच चिकटून बसायचा. रात्री ताई लॅपटॉप बंद करायची, सकाळी चालू केला की दोन्ही दारं उघडी दिसायची, 5 ला जास्त गुण मिळायचे आणि नेट "आपोआप नीट" व्हायचं. कंपनीच्या माणसाचा मोबाइल घरात आल्यावर नव्याने जोडला गेला होता, म्हणून त्याला दोष दिसला नाही. तक्रार खरी होती आणि त्याचं मोजमापही खरं होतं.

आपलं उपकरण कुठल्या दारातून गेलंय ते बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर `cmd` उघडून ही ओळ टाकावी :

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात `Channel` या शब्दापुढचा आकडा बघायचा. आपल्या दोन पट्ट्यांच्या राउटरवर तो 1 ते 13 असेल तर तुम्ही 2.4 वर आहात, 36 किंवा त्याहून मोठा असेल तर 5 वर. नव्या विंडोजमध्ये `Band` अशी वेगळी ओळही येते. `Receive rate` पुढचा आकडा हा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला ठरलेला वेग असतो, इंटरनेटचा नव्हे. ताईच्या लॅपटॉपवर तो 2.4 वर असताना 144 आणि 5 वर 866 दिसत होता, आणि प्रत्यक्ष हाती त्याहून बरंच कमी येतं. अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाला टिचकी मारली की बहुतेक फोन फ्रीक्वेन्सी दाखवतात. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की चॅनेल आणि उणे आकडा दोन्ही मिळतात.

नावं दोन केल्यावर काय झालं? लॅपटॉपमध्ये फक्त `Ghar_5G` ठेवलं, `Ghar` विसरायला लावलं. आता वीज आल्यावर त्याला मिनिटभर थांबावं लागे, पण तो चुकीच्या दारातून जाऊच शकत नसे. जागेवरून न हलणाऱ्या लॅपटॉपला किंवा टीव्हीला हा उपाय चोख आहे.

फोन मात्र माणसाबरोबर फिरतो. ताईच्या घरी राउटर मुख्य दाराशी आहे, कारण फायबरची तार तिथून आत येते. हॉलमध्ये मला 5 चा सिग्नल उणे 45 मिळाला आणि 2.4 चा उणे 38. स्वयंपाकघरात उणे 58 आणि उणे 50. मागच्या बेडरूमला जाताना मध्ये दोन भिंती आणि भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट येतं. तिथे 5 उणे 76 वर घसरला, 2.4 उणे 62 वर राहिला.

या आकड्यांवर आयफोनचा नियम लावून बघू. दोन्ही पट्ट्यांचं नाव एक असेल तर बेडरूमच्या दारात 5 चा सिग्नल उणे 70 च्या खाली जातो आणि फोन शोधायला लागतो. त्याला त्याच नावाचं दुसरं दार उणे 62 वर दिसतं. ते 14 डेसिबलने सरस आहे, 8 च्या अटीपेक्षा कितीतरी जास्त. जाळं तेच, पासवर्ड तोच, म्हणून तो चालत्या कॉलमध्ये दार बदलतो आणि बोलणाऱ्याला फार तर क्षणभर खरखर जाणवते. नावं दोन असतील तर `Ghar` हे फोनच्या लेखी दुसरंच जाळं, शेजाऱ्याच्या जाळ्याइतकंच परकं. एका जाळ्याच्या आत दार बदलण्याची सोय तिथे लागू होत नाही. फोन `Ghar_5G` ला शेवटच्या धुगधुगीपर्यंत धरून राहतो, ते तुटतं, मग तो जपून ठेवलेल्या नावांतून `Ghar` निवडतो, नव्याने ओळख देतो, नव्याने पत्ता मागतो. यात काही सेकंद जातात आणि तेवढ्यात कॉल तुटतो. ताईचं नवं गाऱ्हाणं ते हेच. बरं, परत हॉलमध्ये आल्यावर फोन `Ghar` वरच राहायचा, कारण तिथे त्याला उणे 38 मिळत होतं. दुसऱ्या नावाकडे जायची त्याला गरजच वाटत नव्हती. म्हणजे नावं वेगळी करून निवड आपल्या हाती येते हे खरं, पण मग घरात फिरताना दर वेळी ती आपणच करायची. साठीची ताई दिवसातून दहा वेळा सेटिंग उघडणार नाही, आणि तिने तसं का करावं?

वेगळ्या नावांच्या बाजूने एक सबळ कारण मात्र आहे. ते म्हणजे स्वस्तातले स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे. यांतल्या बहुतेकांमधली चिप फक्त 2.4 ओळखते. या क्षेत्रातल्या अगदी प्रसिद्ध ESP8266 या चिपला 5 चा रेडिओच नाही. ताईच्या भाच्याने तिला एक बल्ब आणून दिला होता आणि तो काही केल्या जोडला जात नव्हता.

दोष बल्बच्या पुढच्या आयुष्यात नसतो, तो फक्त पहिल्या जोडणीत असतो. नव्या बल्बला घरचा पासवर्ड ठाऊक नाही. तो त्याला सांगायचा कसा? एक युक्ती अशी वापरतात की फोनवरचं अ‍ॅप मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची पाकिटं हवेत सोडतं. पाकिटातला मजकूर कुलूपबंद असल्याने बल्बला वाचता येत नाही, पण पाकिटाची लांबी बाहेरूनही मोजता येते. त्या लांब्यांच्या क्रमात नाव आणि पासवर्ड गुंफलेले असतात आणि बल्ब चॅनेलामागून चॅनेल फिरत ती खूण ओळखतो. पण बल्बचे कान 2.4 चे आहेत. फोन 5 वरून बोलत असेल तर खूण त्याच्यापर्यंत पोचण्याची खात्री नाही, आणि अ‍ॅप तीन मिनिटं फिरत राहून हात टेकतं. म्हणून खोक्यावर लिहिलेलं असतं की जोडताना फोन 2.4 वर ठेवा. नाव एकच असेल तर फोन 2.4 वर ठेवणार कसा, हा लोकांचा प्रश्न रास्त आहे.

याला नावं कायमची फोडण्याची गरज नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन 5 चा रेडिओ पाच मिनिटं बंद करायचा, बल्ब जोडायचा, 5 पुन्हा चालू करायचा. बल्बच्या अ‍ॅपमध्ये दुसरी पद्धत असेल, जिच्यात बल्ब स्वतःच एक छोटं वायफाय उभं करतो आणि फोन त्याला जोडायचा असतो, तर तीही चालते. कारण तेव्हा फोन आपोआप 2.4 वर येतो. एकदा जोडला गेला की बल्ब त्याच एका नावावर वर्षानुवर्षं राहतो. 5 ची पुकार त्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे तो गोंधळण्याचा प्रश्नच नसतो.

अशी उपकरणं बरीच असतील तर राउटरमधलं पाहुण्यांचं नेटवर्क फक्त 2.4 वर चालू करून ती तिकडे ठेवता येतात. मात्र हे नेटवर्क बहुधा घरच्या जाळ्यापासून मुद्दाम तोडलेलं असतं. बल्बचा कारभार बाहेरच्या सर्व्हरवरून चालतो, म्हणून बल्बला फरक पडत नाही. प्रिंटर तिकडे टाकला तर घरातल्या लॅपटॉपला तो सापडणार नाही.

आता राउटरबद्दल. निवड उपकरणाची असली तरी राउटर गप्प बसत नाही. नाव एक केलं की पुष्कळ राउटर `Smart Connect` किंवा `Band Steering` नावाची सोय चालू करतात. तिची साधी रीत अशी की फोनने दोन्ही पट्ट्यांवर हाक दिली तर 2.4 वरच्या हाकेला राउटर थोडा वेळ उत्तरच देत नाही, म्हणजे फोन 5 वर जाईल. यात एक खोट आहे. आजचे फोन खाजगीपणासाठी शोधताना आपला पत्ता बदलत राहतात, त्यामुळे दोन्ही हाका एकाच फोनच्या आहेत हे राउटरला नेहमी कळत नाही. दुसरी रीत सभ्य आहे. जोडलेल्या फोनला राउटर सुचवतो, "तुला 5 वर बरं पडेल." फोन ऐकतो किंवा ऐकत नाही, ती त्याची मर्जी. तिसरी रीत धसमुसळी आहे, सरळ जोडणी तोडून बाहेर काढायचं. काही जुनी उपकरणं पुन्हा त्याच दाराशी येतात, पुन्हा बाहेर काढली जातात आणि घरातल्या माणसाला दिसतं की वायफाय दर पाच मिनिटांनी जातंय. नाव एक केल्यानंतर असं होऊ लागलं तर नावाला दोष देऊ नका. नाव एकच ठेवून ही सोय तेवढी बंद करून बघा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. काही राउटरांत मात्र त्या एकाच बटणाला बांधलेल्या असतात. तिथे बटण बंद करून दोन्ही पट्ट्यांना हाताने तेच नाव द्यावं लागतं.

हाताने नाव देताना एक चूक फार होते. नाव सारखं टाकलं, पण पासवर्डमध्ये एखादं अक्षर लहान-मोठं राहिलं, किंवा एका पट्ट्यावर सुरक्षा WPA2 आणि दुसऱ्यावर WPA3 ठेवली गेली. मग फोन हॉलमध्ये नीट चालतो आणि बेडरूममध्ये "पासवर्ड चुकीचा" म्हणतो. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, तिन्ही तंतोतंत सारखे असायला हवेत.

ताईकडे मी शेवटी काय केलं ते सांगतो. दोन्ही पट्ट्यांचं नाव पुन्हा एक केलं, `Ghar`. 5 चं चॅनेल राउटरच्या मर्जीवर न सोडता 36 वर बांधून टाकलं. 36 ते 48 या चॅनेलांवर रडार ऐकत थांबावं लागत नाही, म्हणून वीज आल्यावर दोन्ही दारं जवळपास एकदमच उघडतात. राउटरने रुंदी 160 मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर मात्र ती 80 करावी लागते. नाहीतर 36 वर बसलेला राउटर पसरत रडारच्या चॅनेलांत शिरतो आणि मिनिटभराचं थांबणं परत येतं.

त्यानंतर 2.4 ची ताकद सेटिंगमध्ये `High` वरून `Medium` वर आणली. हा उपाय फारसा कोणी सांगत नाही, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन्ही रेडिओ पूर्ण ताकदीने ओरडत असले की 2.4 चा आवाज घरभर वरचढ राहतो, आणि नुसती ताकद बघणारं उपकरण त्याला भुलतं. 2.4 चा आवाज सहा-सात डेसिबलने उतरवला की हॉलमध्ये दोघे बरोबरीला येतात आणि उपकरण आपणहून 5 निवडतं. बेडरूममध्ये 2.4 उणे 62 वरून उणे 68 वर आला, तरीही तो 5 च्या उणे 76 पेक्षा 8 ने सरस राहिला, म्हणजे आयफोनच्या अटीला जेमतेम पुरला. याहून खाली उतरवलं असतं तर बेडरूममध्ये फोन अडकला असता. म्हणून हे करताना सर्वांत लांबच्या खोलीत जाऊन आकडा बघितल्याशिवाय समाधान मानू नये.

लॅपटॉपसाठी आणखी एक केलं. त्यात इंटेलचं वायफाय कार्ड आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या `Advanced` पानावर `Preferred Band` ही ओळ असते. तिथे `Prefer 5GHz band` निवडलं. ही फक्त पसंती आहे, सक्ती नव्हे. 5 नसेल तेव्हा लॅपटॉप 2.4 घेतोच. बल्ब आधी सांगितल्याप्रमाणे 5 पाच मिनिटं बंद करून जोडला.

एवढं करूनही मागच्या बेडरूममध्ये 5 मिळत नाही, आणि नाव कसंही ठेवलं तरी तो मिळणार नाही. दोन भिंती आणि लोखंडी कपाट नावाने हलत नाही. तिथे वेग हवाच असेल तर हॉलमधून केबल ओढून त्या खोलीत दुसरा राउटर लावायचा, त्यालाही तेच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा. तेव्हा तर एका नावाला पर्यायच उरत नाही, कारण दारं चार होतात. वायफाय 7 च्या उपकरणांत याच्याही पुढची सोय आली आहे. त्यात फोन एकाच वेळी दोन्ही पट्ट्यांवर जोडलेला राहू शकतो, आणि ते एकाच नावाखाली होतं.

माझं मत विचाराल तर माणसं फिरती असलेल्या घरात नाव एकच ठेवावं. वेगळं नाव द्यायचंच असेल तर ते 5 ला न देता बल्ब-प्लगांसाठीच्या 2.4 ला द्यावं, आणि घरातल्या फोनांत ते कधी साठवू नये. एक-दोन खोल्यांचं घर असेल आणि प्रत्येक कोपऱ्यात 5 उणे 65 च्या आत मिळत असेल, तर फोन-लॅपटॉपमध्ये फक्त 5 चं नाव ठेवलं तरी बिघडत नाही. पण निर्णय करण्याआधी फोन घेऊन शेवटच्या खोलीपर्यंत एक फेरी मारा आणि तिथला उणे आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी कंपनीचा माणूस येईल तेव्हा तो कागद त्याला दाखवा.